आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी : गर्भधारणा टाळणारी, गर्भ पाडणारी नव्हे

ग्रामीण भागात कुटुंब कल्याणाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. शासनातर्फे आशा कार्यकर्तीमार्फत दिली जाणारी तातडीची गोळी घेतल्याने पोटातील गर्भ पडतो काय, हा तो प्रश्न होय. प्रश्न साधा असला तरी त्याच्या चुकीच्या उत्तरामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. गोळीने गर्भ पडतो असे मानणारी स्त्री धार्मिक किंवा नैतिक संकोचामुळे ती घेण्याचे टाळते आणि नको असलेली गर्भधारणा तिच्यावर ओढवते. उलट, गोळीने गर्भ पडेल या समजुतीने पाळी चुकल्यावर ती घेणारी स्त्री निर्धास्त राहते आणि योग्य वैद्यकीय सल्ला घेण्याचे मोलाचे दिवस वाया घालवते. म्हणून ही गोळी शरीरात नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

भारतात आपत्कालीन गोळी म्हणून प्रामुख्याने वापरली जाते ती लेव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने देत असत. आता एकाच वेळी पूर्ण मात्रा दिली जाते. हे औषध आपणांस अपरिचित नाही. शासकीय केंद्रांतून मिळणाऱ्या 'माला-एन' या रोज घ्यावयाच्या गोळीत हेच औषध ०.१५ मिलिग्रॅम इतके, दुसऱ्या एका संप्रेरकासह असते. म्हणजे आपत्कालीन गोळीत त्याची दसपट मात्रा एकाच वेळी पोटात जाते. औषध तेच, उद्देशही गर्भधारणा टाळण्याचाच. फरक मात्रेचा आणि वेळेचा आहे. सन २००५ मध्ये ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा केंद्र शासनाने दिली.

गर्भ राहण्यास किती दिवस लागतात?

गोळीचे कार्य समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. शरीरसंबंध आणि गर्भधारणा या एकाच क्षणी घडणाऱ्या घटना नव्हेत. त्यांच्यामध्ये अनेक दिवसांचे अंतर असते आणि या अंतरातच गोळीचे सारे कार्य सामावलेले असते.

स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला साधारणपणे एक स्त्रीबीज परिपक्व होते. ते द्रवाने भरलेल्या एका लहानशा पुटकात वाढत असते. पुटक पुरेसे मोठे झाले म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एका विशिष्ट संप्रेरकाचा मोठा लोंढा रक्तात सोडते. शास्त्रीय परिभाषेत त्यास पीतपिंडकारी संप्रेरक म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी 'बीजमोचनाचा आदेश' म्हणू. हा आदेश सुटल्यापासून साधारणतः ३६ तासांनी पुटक फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. हेच बीजमोचन होय. पुढील पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी ते घडते.

बाहेर पडलेले स्त्रीबीज फार अल्पायुषी असते. जेमतेम १२ ते २४ तासांत त्याचे शुक्रजंतूशी मीलन झाले नाही, तर ते नष्ट होते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या जननमार्गात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. याचा अर्थ असा, की बीजमोचनापूर्वीचे पाच दिवस आणि बीजमोचनाचा दिवस असे सहा दिवसच गर्भधारणेचे असतात. बहुतेक वेळा शुक्रजंतू आधी पोहोचलेले असतात आणि ते स्त्रीबीजाची वाट पाहत थांबतात.

मीलन झालेच, तर तेही गर्भनलिकेत होते, गर्भाशयात नव्हे. फलित बीज विभागत विभागत, मंद गतीने गर्भाशयाकडे सरकते आणि बीजमोचनानंतर सुमारे सहा ते दहा दिवसांनी गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजते. या रुजण्याला गर्भरोपण म्हणतात. रोपण झाल्यावरच गर्भाकडून निघणारे संप्रेरक आईच्या रक्तात व लघवीत मिळू लागते आणि गर्भचाचणीत 'होय' असे उत्तर येते. वैद्यकशास्त्र गर्भधारणा प्रस्थापित झाली असे मानते ते या टप्प्यापासून. फलित झालेली पुष्कळशी बीजे रोपणाविनाच, कोणालाही न कळता, पाळीबरोबर निघून जातात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

गोळी काय करते?

लेव्होनॉरजेस्ट्रेल हे पीयूषिका ग्रंथीवर परिणाम करते. गोळी घेताच रक्तात या औषधाचे प्रमाण एकदम वाढते आणि बीजमोचनाचा आदेश सुटण्याचे लांबणीवर पडते किंवा तो सुटतच नाही. आदेश नाही म्हणजे पुटक वेळेवर फुटत नाही. स्त्रीबीज बाहेर येत नाही. गर्भनलिकेत थांबलेले शुक्रजंतू पाच दिवसांत आपोआप मरून जातात. त्यानंतर बीजमोचन झाले तरी मीलनास कोणी उरलेले नसते. गोळीचे कार्य एवढेच आहे : ती दोघांची गाठ पडू देत नाही.

परंतु यात एक अट आहे. आदेश सुटण्यास अद्याप सुरुवात झालेली नसेल तरच गोळी तो थोपवू शकते. एकदा संप्रेरकाचा लोंढा वाहू लागला की गोळी तो मागे फिरवू शकत नाही. मग बीजमोचन ठरल्या वेळी होते आणि गोळी घेऊनही गर्भ राहू शकतो. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी ते अडवता येतात. पाणी कालव्यात उतरल्यावर दरवाज्याशी झटून उपयोग नसतो.

गोळी 'तीन दिवसांत' घ्यावी असे सांगितले जाते, तर तीन दिवस ही जादूची मुदत आहे असा अनेकांचा समज होतो. वास्तविक प्रत्येक सरणारा तास स्त्रीला बीजमोचनाच्या अधिक जवळ नेत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत हे स्पष्ट दिसले. पहिल्या २४ तासांत गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यांत ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्यांत केवळ ५८ टक्के. रोपण अडवणे किंवा रुजलेला गर्भ पाडणे हे या गोळीचे काम असते, तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवसात इतका फरक पडण्याचे काही कारण नव्हते. कारण रोपणास तिसऱ्या दिवशीही अवकाश असतो.

चिली देशातील पडताळणी

बीजमोचन होऊन गेल्यावर गोळीचा काही उपयोग होतो की नाही, हे केवळ तर्काने ठरवण्याचे कारण नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात संशोधकांनी याची थेट पडताळणी केली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपत्कालीन गोळीसाठी दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची रक्ततपासणी आणि अंडाशयाची सोनोग्राफी करून त्या दिवशी त्यांचे पुटक फुटले होते की नाही, हे संशोधकांनी निश्चित केले. स्त्रीने सांगितलेल्या पाळीच्या तारखेवर त्यांनी विसंबून राहिले नाही, कारण अशा तारखा चुकतात. गर्भधारणेच्या सहा दिवसांत संबंध आलेल्या १४८ स्त्रिया त्यांना मिळाल्या. त्यांचे दोन गट पडले. बीजमोचनापूर्वी गोळी घेतलेल्या १०३ आणि बीजमोचनाच्या दिवशी किंवा नंतर घेतलेल्या ४५.

गोळी घेतलीच नसती तर पहिल्या गटात सुमारे १६ स्त्रियांना गर्भ राहील असा हिशेब होता. प्रत्यक्षात एकीलाही राहिला नाही. दुसऱ्या गटात सुमारे ९ गर्भधारणा अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात ८ झाल्या. म्हणजे बीजमोचन झाल्यानंतर गोळी घेणे आणि न घेणे यात व्यवहारतः काही अंतर उरले नाही. या आठ स्त्रियांच्या शरीरात औषध होते, त्यांची फलित बीजे गर्भाशयाकडे येत होती, तरीही ती रुजली आणि वाढली. गोळीमध्ये रोपण अडवण्याचे सामर्थ्य असते, तर ते या गटात दिसावयास हवे होते.

या पाहणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुसरा गट लहान होता. शिवाय पहिल्या गटातील काही स्त्रियांमध्ये गोळीनंतरही पुटक फुटल्याचे आढळले, तरी त्यांना गर्भ राहिला नाही. ते नेमके कशामुळे, याविषयी तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. मात्र बीजमोचनानंतर गोळी निष्प्रभ ठरते, हा मुख्य निष्कर्ष इतर देशांतील पाहण्यांशीही जुळतो.

रुजलेल्या गर्भाला धक्का का लागत नाही?

पुटक फुटल्यावर अंडाशयात त्याच जागी पीतपिंड नावाची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करते. गर्भाशयाचा अंतःस्तर मऊ व पोषक ठेवणे आणि गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवणे, हे प्रोजेस्टेरॉनचे काम. शेतकरी पेरणीपूर्वी जमीन तयार करतो आणि पीक उगवल्यावर तिच्यात ओल टिकवतो, तसेच काहीसे हे कार्य आहे. गर्भ रुजल्यावर तो स्वतःच पीतपिंडाला इशारा देतो आणि प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा चालू राहतो. गर्भ रुजला नाही तर पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत सुकते, प्रोजेस्टेरॉन ओसरते, अंतःस्तर गळून पडतो आणि पाळी येते.

आता गर्भ पाडावयाचा झाल्यास काय करावे लागेल, हे उघड आहे. प्रोजेस्टेरॉनचे कार्य बंद पाडावे लागेल. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे तर प्रोजेस्टेरॉनच्याच जातकुळीतील औषध आहे. शरीरातील ज्या कुलपात प्रोजेस्टेरॉनची किल्ली बसते, त्याच कुलपात हीही किल्ली बसते आणि ते उघडते. जमिनीतील ओल काढून घेण्याऐवजी ते एक प्रकारे ओलीतच भर घालते. त्यामुळे रुजलेल्या गर्भाचा आधार काढून घेणे त्याला शक्य होत नाही.

गर्भपातासाठी वापरले जाणारे औषध याच्या नेमके उलट वागते. त्याचे नाव मिफेप्रिस्टोन. ही किल्ली कुलपात बसते खरी, पण कुलूप उघडत नाही. ती तेथे अडकून राहते आणि प्रोजेस्टेरॉनला आत येऊ देत नाही. अंतःस्तराचा आधार सुटतो. त्यानंतर मिसोप्रोस्टॉल हे दुसरे औषध दिले जाते. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर टाकला जातो.

या दोन औषधांतील फरक स्वीडनमधील स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहण्यात आला. तेथील संशोधकांनी गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यावर, संबंधित दांपत्यांच्या संमतीने मिळालेले आरंभावस्थेतील भ्रूण ठेवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : कोणतेही औषध नसताना १७ पैकी १० भ्रूण त्या पेशींना चिकटले, लेव्होनॉरजेस्ट्रेल असताना १४ पैकी ६ चिकटले, आणि हा फरक शास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. मिफेप्रिस्टोन असताना मात्र १५ पैकी एकही चिकटला नाही.

या गोळीच्या वेष्टनावर पूर्वी 'रोपणास अडथळा होऊ शकतो' अशा आशयाचा मजकूर असे. गोळी नवीन होती तेव्हाची ती शक्यता होती. सिद्ध झालेली गोष्ट नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उपलब्ध पुराव्याचा फेरविचार करून डिसेंबर २०२२ मध्ये तेथील गोळीच्या माहितीपत्रकातून हा उल्लेख काढून टाकला. जुन्या पुस्तकांत व पत्रकांत तो अजूनही वाचावयास मिळतो, म्हणून येथे खुलासा केला.

गोळी अयशस्वी ठरून गर्भ राहिला, किंवा गर्भ आहे हे माहीत नसताना ती घेतली गेली, तर बाळात व्यंग निर्माण होते असेही आढळून आलेले नाही. केवळ गोळी घेतली होती या कारणास्तव गर्भपात करून घेण्याची आवश्यकता नसते.

एका महिन्याचा हिशेब

वरील विवेचन एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. अठ्ठावीस दिवसांनी नियमित पाळी येणाऱ्या एका स्त्रीची पाळी १ जूनला सुरू झाली, असे धरू. तिची पुढील पाळी २९ जूनला अपेक्षित आहे. त्यावरून बीजमोचन १५ जूनच्या सुमारास होईल. १० ते १५ जून हे गर्भधारणेचे दिवस ठरतील आणि बीजमोचनाचा आदेश १३ तारखेच्या रात्री किंवा १४ च्या पहाटे सुटू लागेल.

११ जूनच्या रात्री संबंधाच्या वेळी निरोध फाटला. स्त्रीने १२ तारखेस सकाळीच आशाताईंकडून गोळी आणून घेतली. आदेश सुटण्यास अद्याप दीड दिवसाचा अवधी आहे. गोळी तो थोपवते. १६ जूनपर्यंत शुक्रजंतू मरून जातात. गर्भधारणा टळण्याची शक्यता येथे फार मोठी आहे.

तीच स्त्री संकोचामुळे थांबली आणि तिने १४ तारखेच्या संध्याकाळी गोळी घेतली, असे समजू. ७२ तास अजून पूर्ण झालेले नाहीत. नियमाने ती मुदतीत आहे. परंतु आदेश सुटून गेला आहे आणि दुसऱ्या दिवशी बीजमोचन होणार आहे. गोळीचा उपयोग होण्याची आशा येथे अल्प आहे.

तिसरी शक्यता अशी, की संबंध २२ जून रोजी आला. स्त्रीबीज केव्हाच नष्ट झाले आहे. पाळीचा हिशेब अचूक असेल तर गर्भाचा प्रश्नच नाही. परंतु आजारपण, प्रवास, मानसिक ताण यांमुळे बीजमोचन पुढे-मागे होते आणि सोनोग्राफीशिवाय ते कळत नाही. म्हणून तारखांचा हिशेब काढून कोणत्याही स्त्रीस गोळी नाकारू नये. अनावश्यक गोळी घेतल्याने अपाय होत नाही. आवश्यक गोळी नाकारल्याने होतो.

चौथी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे. स्त्रीने काहीच घेतले नाही, १५ तारखेस मीलन झाले आणि २१ ते २५ जूनच्या दरम्यान गर्भ रुजला. २९ जूनला पाळी आली नाही. ५ जुलैला कोणीतरी तिला तातडीची गोळी आणून दिली. येथे गोळी काहीही करणार नाही. थोपवण्याचा आदेश तीन आठवड्यांपूर्वीच सुटून गेला आहे आणि गर्भाला लागणाऱ्या संप्रेरकाची जातभाई असलेली ही गोळी त्याला हलवू शकत नाही. वैद्यकीय गणनेप्रमाणे, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता, हा सुमारे पाच आठवड्यांचा गर्भ आहे. या स्त्रीला गोळीची नव्हे, तर गर्भचाचणीची आणि डॉक्टरांच्या भेटीची गरज आहे.

गैरसमज कसा रुजतो?

गोळीने गर्भ 'धुऊन जातो' असे अनेक स्त्रिया स्वानुभवाने सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. अनुभवाचा अर्थ लावण्यात चूक होते. एकदाच आलेल्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता मुळातच थोडी असते. त्यामुळे गोळी घेणाऱ्या दहा स्त्रियांपैकी बहुतेकींना गोळी न घेताही पाळी आलीच असती. त्यातच गोळीनंतर काही दिवसांनी थोडा रक्तस्राव होऊ शकतो, किंवा पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होते. संप्रेरकाची मात्रा एकदम वाढून पुन्हा ओसरल्यामुळे हे घडते. तो रक्तस्राव पाहून 'गर्भ पडला' असे मानले जाते. वास्तविक तेथे गर्भ नव्हताच.

यातून दुसरा धोकाही उद्भवतो. किरकोळ रक्तस्राव म्हणजे पाळीच, असे समजून स्त्री निश्चिंत होते आणि राहिलेला गर्भ उशिरा लक्षात येतो. म्हणून अपेक्षित तारखेनंतर एक आठवड्यात नेहमीसारखी पाळी आली नाही, किंवा ती फारच कमी गेली, तर गर्भचाचणी करावी. आशा कार्यकर्तीकडे 'निश्चय' हे चाचणी-साधन असते. पोटात एका बाजूस तीव्र वेदना होत असतील किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नलिकेत रुजल्याची शंका घेऊन तात्काळ रुग्णालयात न्यावे.

देताना सांगावयाच्या गोष्टी

गोळी लवकरात लवकर घ्यावी. घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर औषध शरीरात पुरेसे गेलेले नसते. पुन्हा एक गोळी घ्यावी. मळमळ, डोकेदुखी, थकवा ही लक्षणे एक-दोन दिवसांत जातात. अंगावर पाजणाऱ्या मातेसही ती चालते.

गोळी बीजमोचन पुढे ढकलते, नाहीसे करत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात येते. आपल्या उदाहरणातील स्त्रीचे बीजमोचन १५ ऐवजी १९ किंवा २० तारखेस झाले आणि १६ तारखेस पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर तिला गर्भ राहू शकतो. म्हणून गोळी घेतल्यानंतर त्या महिन्यात पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. वारंवार हीच गोळी घेत राहणे हे कुटुंबनियोजनाचे साधन नव्हे. रोजची गोळी, तांबी किंवा निरोध यांपेक्षा ती पुष्कळच कमी भरवशाची आहे. लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांपासूनही ती संरक्षण देत नाही.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे चालू असतील तर यकृत लेव्होनॉरजेस्ट्रेलचा लवकर निचरा करते व नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. अतिस्थूल स्त्रियांमध्येही गोळीचा परिणाम कमी आढळला आहे. अशा वेळी, तसेच गोळीची वेळ टळत आली असताना, संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. आदेश सुटला असो वा नसो, तांबी उपयोगी पडते. मात्र ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच बसवून घ्यावी लागते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगी ही माहिती विशेष महत्त्वाची ठरते. अत्याचारपीडितेस आपत्कालीन गर्भनिरोधक देणे हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचाराचाच एक भाग आहे, आणि असे उपचार शासकीय व खाजगी अशा सर्वच रुग्णालयांनी विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. जबाब, पंचनामा, तालुक्याच्या ठिकाणी पाठवणी यांत एक दिवस गेला तर गोळीची परिणामकारकता घटते, हे वरील आकडे सांगतात. पोलीस पाटील, सरपंच किंवा शिक्षक यांना अशी घटना कळल्यास पीडितेला आधी रुग्णालयात पोहोचवावे. उपचारासाठी तक्रार नोंदवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

गर्भ राहिलेला आहे असे ठरले आणि तो नको असेल, तर मार्ग वेगळा आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली असून, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि ठरावीक वर्गांतील स्त्रियांच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व देखरेखीखालीच घ्यावयाच्या असतात; दुकानातून परस्पर आणून घेतल्यास अपुरा गर्भपात व अतिरक्तस्राव यांचा धोका असतो. औषधविक्रेत्याने दोन्ही गोळ्यांची सांगड घालून तातडीची गोळी नाकारणे जितके चुकीचे, तितकेच तातडीच्या गोळीऐवजी गर्भपाताची गोळी हाती ठेवणे घातक आहे.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी गोळी देताना एक प्रश्न विचारावा : पाळी चुकली आहे काय? चुकली नसेल तर गोळी तात्काळ द्यावी. चुकली असेल तर आधी गर्भचाचणी करावी आणि उत्तर 'होय' आल्यास त्या स्त्रीला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा.